पहिल्या डॉक्युमेंटरीचं डिरेक्टर्स स्टेटमेंट कसं लिहायचं

कलर झालेला असतो, साउंड मिक्स झालेलं असतं, सबटायटल्स दोनदा तपासून होतात आणि मग फेस्टिव्हलचा फॉर्म उघडला जातो. फिल्मफ्रीवेवर असो की महोत्सवाच्या स्वतःच्या पोर्टलवर, नाव, लांबी, भाषा, पूर्ण झाल्याची तारीख हे सगळं पटापट भरून होतं. गाडी अडते ती `Director Statement` या चौकटीपाशी. काय लिहायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून बहुतेक जण तिथे एकतर सारांशच वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहितात, नाहीतर विषयावर छोटंसं भाषण करतात.

फॉर्ममध्ये शेजारीशेजारी तीन चौकटी असतात आणि तिन्हींचं काम वेगळं आहे. सारांशात फिल्ममध्ये काय आहे ते सांगायचं. बायोमध्ये तुम्ही कोण ते सांगायचं. स्टेटमेंटमध्ये या दोघांमधलं नातं सांगायचं: या माणसांपर्यंत तुम्ही कसे पोहोचलात, त्यांच्यासमोर कोण म्हणून उभे राहिलात, कॅमेरा तिथेच का ठेवला आणि काय जाणूनबुजून बाहेर ठेवलं. कथापटाच्या स्टेटमेंटमध्ये कल्पना कुठून सुचली हे सांगून भागतं. डॉक्युमेंटरीत पडद्यावर खरी माणसं असतात, फिल्म संपल्यावरही ती त्याच गावात, त्याच घरात राहणार असतात. म्हणून तिथे नात्याचा प्रश्न आधी येतो.

हे वाचतं कोण, तेही लक्षात घ्यायला हवं. पहिला वाचक प्राथमिक चाळणी करणारा. त्याच्यापुढे फिल्मची रांग असते. तो बहुधा आधी फिल्म लावतो आणि मजकुराकडे वळतो तो फिल्म आवडल्यावर किंवा शंका आल्यावर. डॉक्युमेंटरीबाबतच्या शंका फार वेगवेगळ्या नसतात. या बाईंना आपलं चित्रण कशासाठी होतंय हे ठाऊक होतं का? हा प्रसंग आपसूक घडला की घडवून आणला? दिग्दर्शक या घरात इतका आत कसा शिरला? दुसरा वाचक कार्यक्रम आखणारा. लघुपट एकेकटे दाखवले जात नाहीत, चार-पाच फिल्म मिळून एक खेळ होतो. तुमची फिल्म कुणाच्या शेजारी बसेल हे ठरवताना त्याला तुमची दृष्टी कळावी लागते. निवड झाल्यावर तिसरा वाचक येतो. कॅटलॉगमध्ये हाच मजकूर छापला जातो आणि खेळानंतर तुमच्याशी मंचावर बोलणारा माणूस त्यातूनच पहिला प्रश्न काढतो.

दुसरी-तिसरी फिल्म असेल तर हे सगळे लोक आधीचं काम बघून घेतात. पहिल्या फिल्मला ती सोय नसते. फिल्म सोडली तर तुमच्या विचाराचा पुरावा म्हणून हाती असतो तो हा दोन-अडीचशे शब्दांचा मजकूर.

आता एक उदाहरण धरू. दिग्दर्शक बीड जिल्ह्यातली, पंचविशीची. फिल्म 19 मिनिटांची. दिवाळीच्या आसपास गावातली जोडपी ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. मधल्या काळात एक आजी तीन नातवंडांना घेऊन गावात राहते. फिल्म एवढीच. त्यात एक प्रसंग फार चांगला जमला आहे. घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून संध्याकाळी चौघं पाण्याच्या टाकीपाशी जातात. फोन स्पीकरवर ठेवलेला. मुलं पाळीपाळीने बोलतात. आजी फोन हातात घेत नाही, दोन पावलं मागे उभी राहून ऐकते. धाकटा सांगायचं विसरला की तीच मागून आठवण करून देते, "पेपरला सत्तर पडले ते सांग की."

या फिल्मचं पहिलं स्टेटमेंट असं लिहिलं गेलं, असं समजा:

"ऊसतोड कामगारांचं स्थलांतर हा महाराष्ट्रापुढचा एक ज्वलंत प्रश्न आहे. दरवर्षी लाखो कामगार पोटासाठी गाव सोडतात आणि मागे राहतात ती निरागस मुलं आणि थकलेली म्हातारी माणसं. हे वास्तव मी लहानपणापासून जवळून पाहिलं आहे. आवाज नसलेल्या या माणसांना आवाज मिळवून देण्यासाठी मी ही फिल्म केली. एका आजीच्या डोळ्यांतून मला तिच्या संघर्षाची आणि जिद्दीची कहाणी सांगायची आहे. ही फिल्म पाहून समाजाचे डोळे उघडतील अशी मला आशा आहे."

यात खोटं काही नाही आणि लिहिणारीचा कळवळाही खरा आहे. तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पहिली दोन वाक्यं विषयाची आहेत. ती सारांशात आलेली असतात. शिवाय याच विषयावरच्या दुसऱ्या कुठल्याही फिल्मला ती जशीच्या तशी चिकटवता येतील. स्वतःचं स्टेटमेंट तपासायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. एकेक वाक्य उचलायचं आणि विचारायचं, हे दुसऱ्या कुणाच्या फिल्मला चालेल का? चालत असेल तर ते काढायचं.

"आवाज नसलेल्या" हा शब्द तर फिल्मच्याच विरोधात जातो. फिल्ममध्ये आजी भरपूर बोलते. दुकानदाराशी हुज्जत घालते, मास्तरांना जाब विचारते, दिग्दर्शिकेलाही सुनावते. फिल्म बघून उठलेला माणूस हे वाक्य वाचतो तेव्हा त्याला वाटतं, दिग्दर्शिकेने स्वतःची फिल्म नीट पाहिलेली नाही. "आजीच्या डोळ्यांतून" याचंही तसंच. कॅमेरा आजीकडे बघतो आहे. नजर दिग्दर्शिकेची आहे आणि ती तिची आहे हे मान्य करण्यात कमीपणा नाही. "सांगायची आहे" ही क्रियापदाची चाल निधीच्या अर्जातून आलेली असते. शूटिंगच्या आधी पैसे मागताना आपण काय करणार आहोत ते लिहावं लागतं, आणि तोच परिच्छेद पुढे फेस्टिव्हलच्या फॉर्ममध्ये डकवला जातो. आता फिल्म पूर्ण झाली आहे. काय करायचं होतं यापेक्षा काय केलं ते लिहायला हवं. शेवटचं समाजाचे डोळे उघडण्याचं वाक्य तर पूर्ण गाळावं. फिल्मचा परिणाम काय होईल हे लिहिण्याचा अधिकार बघणाऱ्याचा आहे.

राहतं एक वाक्य: "लहानपणापासून जवळून पाहिलं आहे." या मजकुरातलं एकच वाक्य जपून ठेवण्यासारखं आहे आणि तेच सगळ्यात मोघम आहे. जवळून म्हणजे कुठून?

समजा, उत्तर असं निघालं की तिचे वडील मुकादम होते. मुकादम म्हणजे कारखान्याच्या वतीने टोळी जमवणारा माणूस. हंगामाआधी तो जोडप्यांना आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि उचल दोघांनी मिळून तोडीच्या कामातून फेडायची असते. हंगामात फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर जाते. म्हणजे गावात मुकादमाच्या शब्दाला वजन असतं आणि त्याच्या मुलीला "नाही" म्हणणं उचल घेतलेल्या घराला सोपं नसतं.

आता फिल्मकडे पुन्हा बघितलं की कितीतरी गोष्टींचा अर्थ बदलतो. घरात इतक्या आत जाता आलं ते याचमुळे. आजी काही प्रश्नांना जपून उत्तर देते ते याचमुळे. आणि हे स्टेटमेंटमधून लपवलं, मग मंचावर कुणी विचारल्यावर बाहेर आलं, तर फिल्ममधल्या प्रत्येक चांगल्या प्रसंगाकडे संशयाने पाहिलं जाईल. तेच आधी सांगितलं तर फिल्मची खरी ताकद तिथूनच सुरू होते. पहिल्यांदा फिल्म करणारी माणसं अशी गोष्ट टाळतात, कारण ती आपली कमजोरी वाटते. माझं मत उलटं आहे. ज्या नात्याबद्दल लिहायला हात थरथरतो, स्टेटमेंटची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच करायची असते.

दुसरा खर्डा असा होऊ शकतो:

"माझे वडील मुकादम होते. दसऱ्याच्या सुमाराला आमच्या ओट्यावर उचलीचे पैसे मोजले जायचे आणि वहीत नावं लिहायचं काम माझ्याकडे असायचं. गाड्या कारखान्याकडे निघाल्या की आमचा हंगाम सुरू व्हायचा. त्या वहीतल्या घरांमध्ये मागे कोण उरतं, हे मी कधी आत जाऊन पाहिलं नव्हतं.

या फिल्ममधल्या आजीचा मुलगा आणि सून पूर्वी माझ्या वडिलांच्या टोळीत होते. म्हणून तिने मला घरात घेतलं, आणि म्हणूनच मला नकार देणं तिला अवघड होतं. सुरुवातीच्या शूटिंगनंतर तिची परवानगी पुन्हा घेतली, ती मी नाही, गावातल्या अंगणवाडी सेविकेने, मी समोर नसताना. आजीने दोन अटी घातल्या: दुकानातली उधारी दाखवायची नाही आणि नातीचं शाळेत शूटिंग करायचं नाही. दोन्ही पाळल्या आहेत.

कॅमेरा गावाबाहेर जात नाही. उसाचा फड, कारखाना काहीच दिसत नाही. मुलांचे आईवडील फक्त फोनवर ऐकू येतात, कारण हंगामभर या घरात ते तेवढेच असतात. आजीचं बहुतेक काम बसून चालतं, म्हणून कॅमेराही बसलेल्या माणसाच्या उंचीवर आहे. माझे प्रश्न मी कापलेले नाहीत. ती मला 'मुकादमाची पोर' म्हणते. ते काढलं असतं तर ती इतकं तोलून का बोलते हे कळलं नसतं.

एडिट झालेली फिल्म आजीने तिच्या घरात, नातवंडांसोबत पाहिली. त्यानंतरच ती बाहेर पाठवली."

हा मजकूर साधारण एकशे पासष्ट शब्दांचा आहे. बहुतेक फॉर्मना दीडशे ते तीनशे शब्द पुरतात. यात ज्वलंत, संवेदनशील, हृदयस्पर्शी असं एकही विशेषण नाही आणि तरी लिहिणारी कशाने अस्वस्थ आहे हे कळतं. ओटा, वही, बसलेल्या माणसाची उंची या ठोस गोष्टींनी ते काम केलं आहे. तिसऱ्या परिच्छेदातल्या प्रत्येक निर्णयाला कारण जोडलेलं आहे, हेही पाहा. "मी निरीक्षणात्मक शैली वापरली" असं लिहून काही कळत नाही. कॅमेरा गावाबाहेर का गेला नाही हे कळलं की शैली आपोआप कळते. कॅमेऱ्याचं मॉडेल, किती कमी पैशांत काम झालं, हार्ड डिस्क कशी बिघडली, यातलं काही स्टेटमेंटमध्ये लागत नाही, त्याने पडद्यावरची एखादी गोष्ट बदललेली असेल तरच लिहावं.

पण या खर्ड्यात एक मोठी चूक आहे आणि ती पाठवण्याआधी सापडायला हवी. आजीने उधारी दाखवू नको म्हणून सांगितलं. फिल्ममधून ती गेली आणि स्टेटमेंटमध्ये आली. कॅटलॉग छापला जातो, महोत्सवाच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षं राहतो, आणि आज तो गावातला कुठलाही पोरगा मोबाइलवर उघडू शकतो. जी गोष्ट पडद्यावर नको होती ती मजकुरातही नको. ते वाक्य एवढंच व्हायला हवं: "आजीने दोन गोष्टी दाखवायच्या नाहीत असं सांगितलं, त्या फिल्ममध्ये नाहीत." वाचणाऱ्याला जे कळायला हवं, म्हणजे आजीला नाही म्हणता आलं आणि ते ऐकलं गेलं, ते याने पूर्ण कळतं.

हाच नियम वडिलांनाही लागू होतो. ते फिल्ममध्ये दिसत नाहीत, पण स्टेटमेंटमुळे त्यांचा व्यवसाय आणि ओट्यावरचे पैसे जाहीर होतात. त्यांना आधी वाचून दाखवायला हवं. गावाचं नाव, मुलांची नावं, उचलीची रक्कम हे तर लिहूच नये. मुलांबाबत पालकाची लेखी संमती लागते, पण तेवढ्यावर थांबू नये; नववी-दहावीतल्या मुलीला स्वतःला काय वाटतं तेही विचारावं, कारण चार वर्षांनी कॉलेजात तिच्याच मैत्रिणी ही फिल्म बघणार आहेत.

घडवून आणलेल्या प्रसंगांबद्दल किती सांगायचं, हा प्रश्न डॉक्युमेंटरीइतकाच जुना आहे. 1922 साली प्रदर्शित झालेल्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या फिल्मसाठी रॉबर्ट फ्लाहर्टीने बर्फाचं एक मोठं घर बांधवून त्याची एक बाजू उघडी ठेवली होती, कारण खऱ्या इग्लूत कॅमेरा आणि उजेड दोन्हींना जागा नव्हती. प्रेक्षकांना मात्र ते राहतं घर वाटलं आणि त्याबद्दलचा वाद आजही संपलेला नाही. आपल्या उदाहरणातही असं काही असू शकतं. टाकीपाशी एका संध्याकाळी वाऱ्याने आवाज खराब झाला, म्हणून चित्र एका दिवसाचं आणि फोनवरचं बोलणं दुसऱ्या दिवसाचं जोडलं. हे सांगायलाच हवं असं मला वाटत नाही, कारण फोन दोन्ही दिवशी आला होता आणि त्या घराचा रोजचा क्रमच तो आहे. पण फोन आलेलाच नसताना चौघांना टाकीपाशी चालत जायला सांगितलं असेल, तर एका वाक्यात लिहावं. फरक इतकाच की पहिल्यात घडलेली गोष्ट नीट ऐकू यावी म्हणून जुळवाजुळव आहे आणि दुसऱ्यात न घडलेली गोष्ट घडली असं दाखवलं जातंय.

फिल्म त्यातल्या माणसांना दाखवणं याचाही उल्लेख करावा, मात्र खरोखर दाखवली असेल तरच. जाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी 1961 च्या त्यांच्या पॅरिसवरच्या फिल्ममध्ये हे बघणं आणि त्यावरची माणसांची मतं फिल्मच्याच शेवटाकडे घेतली होती आणि त्यातल्या काहींना स्वतःचं चित्रण पटलेलंही नव्हतं. आजीला फिल्म आवडली असं स्टेटमेंटमध्ये लिहायची गरज नाही. तिने पाहिली आणि मग पाठवली, हा क्रम कळला तरी पुरे.

फिल्म कुठे जाणार आहे त्यावर थोडं बदलावं लागतं. मुंबईत 1990 पासून भरणाऱ्या मिफ या महोत्सवात मुकादम कोण हे निदान काही वाचकांना सांगावं लागणार नाही. तिरुवनंतपुरमच्या महोत्सवात किंवा ॲमस्टरडॅमच्या इडफामध्ये लागेल. तेव्हा पहिल्याच वाक्यात अर्धी ओळ वाढवायची: हंगामाआधी मजुरांना आगाऊ पैसे देऊन टोळी बांधणारा. तेवढ्यावर थांबायचं, साखर कारखानदारीचा इतिहास तिथे सुरू करायचा नाही. फॉर्म इंग्रजी मागत असला तरी पहिला खर्डा मराठीतच करावा, असा माझा आग्रह आहे. मराठीत जे वाक्य आजीसमोर मोठ्याने वाचता येत नाही, ते इंग्रजीतही टिकू नये. "पिचलेली", "अडाणी", "असहाय" असे शब्द या एका परीक्षेत आपोआप गळून पडतात.

शेवटची तपासणी मंचाची. प्रत्येक वाक्यापुढे "म्हणजे कसं?" असा प्रश्न स्वतःला विचारायचा आणि त्याला मिनिटभर उत्तर देता येतंय का ते पाहायचं. अंगणवाडी सेविकेने नेमकं काय विचारलं? आजीने नाही म्हटलं असतं तर फिल्म थांबवली असती का? या प्रश्नांची उत्तरं तयार नसतील तर ती वाक्यं अजून लिहिण्याजोगी झालेली नाहीत, मग ती कितीही चांगली वाटोत.

काही महोत्सव निवडीनंतर कॅटलॉगसाठी शंभर शब्दच मागतात आणि तेही एक-दोन दिवसांत. छोटा मजकूर आधीच करून ठेवावा. कापताना बहुतेक जण नात्याचा भाग काढतात आणि विषयाचा ठेवतात, आणि मजकूर पुन्हा पहिल्या खर्ड्यासारखा होतो. वरच्या स्टेटमेंटमधून शंभर शब्दांत चार गोष्टी राहायला हव्यात: वडील मुकादम होते आणि हे घर त्यांच्या टोळीतलं होतं, म्हणून परवानगी दुसऱ्या कुणीतरी, माझ्यामागे, पुन्हा घेतली, कॅमेरा गाव सोडत नाही आणि आईवडील फोनवरच आहेत, "मुकादमाची पोर" हे शब्द फिल्ममध्ये ठेवले आहेत. ओटा, वही, कॅमेऱ्याची उंची हे गेलं तरी चालेल. ते प्रश्नोत्तरांत सांगता येईल.